पेरणीच्या पंधरवड्यात बैलाचा खांदा कसा सांभाळावा

संध्याकाळी जू उतरवले की दावणीला बांधण्याआधी बैलाच्या मानेवर तळहात ठेवा. वशिंडाच्या पुढे, जिथे दिवसभर जू बसले होते, ती जागा म्हणजे बैलाचा खांदा. आधी उजवीकडून, मग डावीकडून, मग वरच्या कण्यावरून हात सावकाश फिरवा. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागते का, बोटांखाली कातडी जाड किंवा पिठूळ लागते का, आणि हात एका ठिकाणी आला की बैल अंग चोरतो का, या तीन गोष्टी पाहायच्या. याला दोन मिनिटे लागतात. पहिल्यांदा बैलजोडी घेणाऱ्याने दुसरे काही शिकायच्या आधी हे शिकावे, कारण खुराक कमी पडला, खूर दुखला, विश्रांती तुटली किंवा जू वाकडे बसले तरी त्याची खूण बहुतेक वेळा इथेच उमटते.

पेरणीचे दिवस मी मुद्दाम निवडले आहेत. वर्षातला बराच काळ बैल हलक्या कामावर असतो आणि मग अचानक दोन-तीन आठवडे रोज जुंपला जातो, तोही ओल्या हवेत. खांदेसूज जास्तीत जास्त याच दिवसांत येते. ती येऊ नये यासाठीची तयारी मात्र तीन आठवडे आधीच सुरू करावी लागते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तीन आठवडे आधी: वजन आणि खुराक

बैलाला किती घालायचे हे त्याच्या वजनावर ठरते, आणि वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. बैल सपाट जागी चारही पायांवर सरळ उभा करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खुब्याच्या पुढच्या टोकापासून, म्हणजे पुढच्या पायाच्या वरच्या सांध्यापासून, शेपटीजवळच्या ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि १०,८४० ने भागा. घेर १७० आणि लांबी १५० आली तर वजन सुमारे ४०० किलो. काट्याइतके अचूक नसते, पण खुराक ठरवायला चालते. हीच टेप हंगाम संपल्यावर पुन्हा लावली की बैल किती खंगला तेही कळते.

४०० किलोच्या बैलाला जड कामाच्या दिवसांत वजनाच्या साधारण अडीच टक्के, म्हणजे १० किलो कोरडे खाद्य लागते. कोरडे म्हणजे पाणी वजा करून. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांश तरी पाणीच असते, त्यामुळे ढीग मोठा दिसला तरी पोषण थोडे असते, आणि नवखा माणूस इथे हमखास फसतो. रोजचा हिशेब असा बसतो: कडबा सहा-सात किलो, हिरवा चारा दहा ते बारा किलो, आणि खुराक दोन किलो. खुराकात एक किलो ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा, ६०० ग्रॅम सरकी पेंड आणि ४०० ग्रॅम गव्हाचा कोंडा. वर ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ते ४० ग्रॅम मीठ.

भरडा पेंडीपेक्षा जास्त का, असे नवखे नेहमी विचारतात. ओढकामाला लागते ती ताकद, म्हणजे ऊर्जा, आणि ती धान्यातून मिळते. पेंडीतली प्रथिने दुभत्या आणि वाढत्या जनावराला जास्त लागतात. नुसती पेंड वाढवून बैल जास्त ओढत नाही, खर्च मात्र वाढतो.

हे दोन किलो एकदम सुरू करू नयेत. बैलाच्या पोटातले जंतू चारा पचवायला सरावलेले असतात. त्यांच्यावर अचानक धान्य पडले की पोटात आंबूस होते, बैल खाणे सोडतो, शेण पातळ आणि आंबट वासाचे होते, आणि प्रमाण फार झाले तर जिवावरही बेततो. रिकाम्या दिवसांत अर्धा किलो खुराक असेल तर दर तिसऱ्या दिवशी पाव किलो वाढवा. अर्ध्यावरून दोन किलोवर जायला सहा वाढी लागतात, म्हणजे अठरा दिवस. तीन आठवडे आधी सुरुवात करा म्हणतो ते याच हिशेबाने. वाढ योग्य चालली आहे का ते शेण सांगते. ते पोवासारखे थरावर थर बसले पाहिजे. पसरू लागले तर तीन दिवस आहे त्या मापावर थांबा. त्यात अख्खे दाणे दिसले तर भरडा अजून बारीक करा.

याच तीन आठवड्यांत खांद्यालाही सवय करायची. रिकाम्या बैलाच्या खांद्याची कातडी मऊ पडलेली असते. पहिल्या आठवड्यात रोज एक तास हलके ओझे, दुसऱ्यात दोन तास, तिसऱ्यात तीन-चार तास. ही कातडी घट्ट व्हायला दिवसच लागतात. तेल-तूप चोळून ती मऊ राहते, घट्ट होत नाही. तेल लावायचेच असेल तर काम संपल्यावर, कोरडे पडलेल्या जागी, थोडेसे लावा. जू ठेवायच्या आधी कधीच नको, कारण तेलावर धूळ बसते आणि ती कातडीवर पॉलिशपेपरसारखी घासते.

जू बसवणे

जू म्हणजे दोन्ही मानांवर बसणारे आडवे लाकूड. मान बाजूला सरकू नये म्हणून त्यात खोचलेल्या काठ्या म्हणजे शिवळा, आणि गळ्याखालून घेतलेले पट्टे म्हणजे जोती किंवा सापत्या. शिवळ आणि मान यांमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जागा हवी. सापती इतकी सैल हवी की तिच्या आणि गळ्याच्या मध्ये आडवा तळहात सहज जाईल. आवळली तर ओढताना श्वासनळी दाबली जाते. बैल घोरल्यासारखा आवाज करू लागला तर लगेच थांबून सापती पाहा.

आता मूळ गोष्ट. ४०० किलोचा बैल दिवसभर टिकेल अशी ओढ वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ४० किलो धरा. जू मानेवर वीस बाय दहा सेंटिमीटर एवढ्या जागेवर नीट टेकले तर हा भार २०० चौरस सेंटिमीटरवर वाटला जातो. तेच जू फक्त कडेवर टेकले आणि ४० चौरस सेंटिमीटरच मानेला लागले, तर तितकीच ओढ एका जागी पाचपट दाब देते. बैल तोच, काम तेच, आणि तिसऱ्या दिवशी सूज. म्हणून जू जड की हलके यापेक्षा ते किती रुंद टेकते हे पाहावे लागते.

ते डोळ्यांनी कळत नाही. जुवाच्या मानेकडच्या बाजूला ओला गेरू किंवा ओली राख पातळ लावा, बैल जुंपा, थोडे ओझे देऊन वीस-पंचवीस पावले चालवा आणि जू उचला. मानेवर रंगाचा रुंद, एकसंध पट्टा उमटला तर जू चांगले. बारीक रेघ, एखादा ठिपका किंवा एकाच बाजूला गडद डाग दिसला तर तिथे लाकडाची कड आहे. ती रंध्याने आणि काचेच्या तुकड्याने घासून गोल करा आणि परीक्षा पुन्हा घ्या. भेग पडलेल्या जुवाला तार किंवा लोखंडी पट्टी मारून काम भागवू नका. पट्टी खालच्या बाजूला नसली तरी लाकूड लवते, भेग उघडते-मिटते आणि कातडी चिमटते.

जोडीतले बैल उंचीला आणि ताकदीला सारखे असावेत हे सगळे सांगतात, पण प्रत्यक्षात तशी जोडी क्वचितच मिळते. उंचीत दोन-तीन बोटांचा फरक निभावतो. त्याहून जास्त असला की जू तिरके होते आणि त्याची एक कड मानेत रुतते. ताकदीतला फरक मात्र बराच सांभाळता येतो. दोन्ही मानांच्या मध्यांतले अंतर १२० सेंटिमीटर असेल तर ओढीचा नाडा सहसा बरोबर मध्यावर, ६० वर असतो. तो तगड्या बैलाकडे पाच सेंटिमीटर सरकवला तर तगड्याच्या बाजूला ५५ आणि दुबळ्याच्या बाजूला ६५ उरतात. तागडीच्या नियमाने, जवळच्या खांद्यावर जास्त भार येतो. एकूण ८० किलोची ओढ असेल तर तगड्यावर सुमारे ४३ आणि दुबळ्यावर सुमारे ३७ किलो पडते. म्हणून जुवावर मध्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरवर नाड्यासाठी खाचा करून ठेवाव्यात. सुतार हे अर्ध्या तासात करून देतो.

गाडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. गाडीत ओढीखेरीज वरून दाबही येतो. माल पुढे भरला की जू मानेत बसते, फार मागे भरला की गाडी उलार होऊन सापती गळ्याला वर ओढते. माल भरून झाल्यावर, बैल जुंपण्याआधी, जू हाताने उचलून पाहा. एका माणसाला ते थोडा जोर लावून उचलता आले पाहिजे. अजिबात हलत नसेल तर माल मागे सरकवा.

दिवसाचे घड्याळ

बैलाचा दिवस चोवीस तासांचाच असतो हे पेरणीच्या घाईत विसरायला होते. रोजचा चारा खायला त्याला पाच-सहा तास लागतात आणि तो रवंथ करायला सात-आठ तास. सहा तास काम आणि एक तास येण्याजाण्याचा धरला तर सहा तास खाणे आणि आठ तास रवंथ मिळून एकवीस तास होतात. उरलेल्या तीन तासांत झोप आणि नुसते उभे राहणे. काम नऊ तास केले की हे तीन तास शून्य होतात. त्यापुढचा प्रत्येक तास रवंथातून कापला जातो. मग गव्हाणीत चारा उरतो, आणि आपण म्हणतो बैलाची भूक गेली. भूक असते, वेळ नसतो.

आपल्याकडे ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि तापमान ३७ अंशांपेक्षा जास्त असेल तर दुपारी बारा ते तीन मुळीच नको. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. रोज नऊ तास काम घ्यावे असा त्याचा अर्थ लावू नका. पेरणीत मी सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सहा असे सहा तास धरतो, आणि सहा दिवसांनंतर एक दिवस पूर्ण मोकळा ठेवतो. चार वर्षांखालच्या, नुकत्याच जुंपलेल्या बैलाकडून याच्या निम्मे.

खुराकाची वेळही यातच बसवायची. पहाटे जुंपण्याआधी तासभर कडबा आणि अर्धा किलो खुराक. पोट तट्ट भरून बैल जुंपला की तो लवकर धापतो. दुपारी सावलीत हिरवा चारा. उरलेला दीड किलो खुराक संध्याकाळी, कारण रात्रभर रवंथाला मोकळा वेळ असतो. रात्री गव्हाणीत कडबा असाच पडू द्या. पाणी दिवसाकाठी ४० ते ६० लिटर लागते, उकाड्यात त्याहूनही जास्त, आणि ते दिवसातून चार वेळा तरी पुढे करा. काम सुटल्यावर धाप थोडी बसू द्या, मग पाणी, आणि खुराक अर्ध्या तासाने.

बैल थकला हे कसे ओळखायचे? पहाटे, शांत उभा असताना, कुशीची हालचाल एक मिनिट मोजा. मोठ्या बैलाचे श्वास साधारण पंधरा ते तीस असतात. तुमच्या बैलाचा आकडा लक्षात ठेवा. काम थांबवल्यावर सावलीत अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तोवर आकडा पहाटेच्या जवळ आला नाही तर आज काम जास्त झाले, उद्या कमी करा. काम चालू असताना तोंडाला फेस, लोंबणारी लाळ, बाहेर आलेली जीभ किंवा अडखळणारे मागचे पाय दिसले तर ओळ पूर्ण होण्याची वाट पाहू नका. तिथेच जू उतरवा, सावलीत न्या आणि अंगावर पाणी घाला.

पावसाळ्याच्या सुरुवातीची एक धोक्याची सूचना इथेच देतो. बांधावर, तोडलेल्या ज्वारीच्या बुडख्यांतून पावसाने कोवळे फुटवे येतात. त्यांत विष असते. दुपारी सोडलेला बैल ते खाऊन काही मिनिटांत धापा टाकत कोसळू शकतो. याला किरळ लागणे म्हणतात. इलाज आहे, पण डॉक्टर वेळेत पोहोचला तरच. बैल कुठे बांधता ते पाहून बांधा.

कोशाचा खांदा: एकोणीस दिवस

आता माझ्याच हातून झालेली चूक सांगतो, कारण खांदेसुजीबद्दल मी जे शिकलो ते तिथून. जोडीत डावा कोसा, उजवा पांढरा. पेरणीच्या तिसऱ्या संध्याकाळी हात फिरवताना कोशाचा खांदा आतल्या बाजूने गरम लागला, लिंबाएवढी मऊ सूज होती. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, जू ओले होते, म्हणून मी त्यालाच दोष दिला. चौथ्या दिवशी जुवाखाली गोणपाटाची घडी घालून पुन्हा जुंपला. संध्याकाळी सूज नारळाच्या अर्ध्या कवटीएवढी झाली.

गोणपाटाने असे का झाले ते नंतर उमगले. सुजलेल्या जागेवर घडी घातली की ती जागा आणखी उंच होते आणि सगळा भार तिच्यावरच येतो. ओले गोणपाट घासते ते वेगळेच. सुजलेल्या खांद्यावर कसलीही गादी घालून काम घेता येत नाही.

पाचव्या सकाळी जू कोशाच्या बाजूने का वाकते ते पाहायला दोघांना रिकामे चालवले. तेव्हा दिसले की पांढरा पुढचा उजवा पाय टेकताना डोके किंचित वर उचलतो. पाय उचलून पाहिला तर खुराच्या दोन नख्यांच्या बेचक्यात टोकदार खडा रुतलेला, वर चिखलाचा थर, आणि खाली कातडी फाटलेली. दुखऱ्या पायामुळे पांढरा अर्धे पाऊल मागे राहत होता. जू तिरपे होऊन त्याची आतली कड कोशाच्या मानेत जात होती. मी तीन संध्याकाळी खांदा पाहिला, खूर एकदाही पाहिला नाही. तेव्हापासून नियम असा: एकाचा खांदा सुजला की दुसऱ्याचे पाय आधी तपासायचे.

उपचार असे झाले. काम बंद, दोघांचेही. उरलेली पेरणी भाड्याच्या औताने. ताज्या, गरम सुजेवर पहिले दोन दिवस गार पाणी: ओल्या फडक्याने वीस-वीस मिनिटे, दिवसातून चार वेळा. डॉक्टरांनी तीन दिवस मेलॉक्सिकॅमचे इंजेक्शन दिले. वेदनाशामक स्वतः आणून टोचू नका. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात.

तिसऱ्या दिवसापासून उलट, शेक. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याच्या फडक्याने सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे, आणि नंतर मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ग्लिसरीनमध्ये कालवून लेप. गार आणि गरम यांचा क्रम चुकला तर सूज वाढते. ताज्या सुजेत रक्त आणि पाणी उतरत असते, ते गारव्याने थांबते. दोन दिवसांनी जमलेले पाणी परत शोषले जायला हवे असते, त्याला शेक मदत करतो. आठव्या दिवशी सूज निम्मी, बाराव्या दिवशी डोळ्यांना दिसेनाशी झाली. तरी बोटांखाली कातडी जाड होती आणि दाबल्यावर कोसा मान वळवत होता. इथे बहुतेक लोक फसतात, बैल बरा झाला म्हणून जुंपतात आणि सूज दुप्पट होऊन परत येते. मी दाबल्यावर तो शांत राहीपर्यंत थांबलो. एकोणिसाव्या दिवशी एक तास हलके काम, आणि पूर्ण काम आणखी दहा दिवसांनी.

सगळ्या सुजा अशा नसतात, म्हणून बोटांनी ओळखायला शिका. दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखे वाटले तर आत पू, रक्त किंवा पाणी आहे. ते ब्लेडने फोडू नका. डॉक्टर आधी सुईने पाहतात आणि पिकले असेल तरच खालच्या बाजूने कापतात, म्हणजे निचरा होतो. सूज थंड, कडक आणि न दुखणारी असेल तर ती जुनी गाठ आहे. तिला शेकाने फरक पडत नाही. लहान असेल तर जू तिला न लागेल असे कोरून घेता येते, मोठी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा.

कातडी सोलली असेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड ते दोन सपाट चहाचे चमचे मीठ घालून त्याने जखम धुवा. कोरडी करा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि जखमेच्या कडेने माश्या पळवणारे मलम लावा. पावसाळ्यात उघड्या जखमेत दोन दिवसांत आसाड्या पडू शकतात. पडल्याच तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ आत ठेवा, किडे बाहेर येऊ लागले की चिमट्याने एकूण एक काढा आणि जखम मिठाच्या पाण्याने धुवा. जळके ऑइल, बॅटरीचे पाणी, चुना, कडक फिनेल यांतले काहीही जखमेवर घालू नका. या गोष्टी किड्यांबरोबर नवी कातडीही जाळतात आणि खांदा महिनाभर मागे जातो.

खुरांकडे रोज पाच मिनिटे

पांढऱ्याच्या खड्यानंतर माझ्या संध्याकाळच्या दोन मिनिटांत खुरांची पाच मिनिटे जोडली गेली. पाय धुवा, बोथट काडीने दोन्ही नख्यांच्या बेचक्यातला चिखल काढा, आणि वास घ्या. कुजका वास, पांढरट ओली कातडी किंवा चीर दिसली तर चिखल्या सुरू झाल्या. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद विरघळवा. त्यात स्वच्छ धुतलेला पाय पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवा, आणि नंतर बैल तासभर कोरड्या जागी उभा करा. चिखल धुतला नाही तर मोरचूद चिखलातच मुरते. खोल, रक्ताळलेल्या जखमेवर ते वापरू नका, आणि उरलेले पाणी गव्हाणीपासून व विहिरीपासून लांब टाका, ते विषारी असते. गोठ्याची जमीन कोरडी नसेल तर हा उपाय रोज करूनही चिखल्या परत येतात.

लंगडण्याबरोबर लाळ गळत असेल, तोंडात आणि खुरांत फोड असतील, तर तो लाळ्या खुरकूत आहे. बैल लगेच वेगळा बांधा, डॉक्टरांना बोलवा आणि काम पूर्ण बंद करा.

पत्री, म्हणजे नाल, सगळ्याच बैलांना लागत नाही. मऊ मातीत काम करणाऱ्याला तिची गरज नाही. डांबरी किंवा खडकाळ वाटेने गाडी ओढणाऱ्याचा खूर झिजून तळ हुळहुळा होतो, त्याला हवी. प्रत्येक खुराला दोन नख्या म्हणून दोन पत्र्या, एका बैलाला आठ. खिळे नखीच्या बाहेरच्या कडेतूनच जायला हवेत, आतल्या मऊ भागाकडे वळता कामा नयेत. पेरणी तोंडावर आली असताना पत्र्या मारू नका, आठ-दहा दिवस आधी मारा. खिळा आत टोचला असेल तर बैल एक ते तीन दिवसांत लंगडतो, नखी गरम लागते, आणि खिळ्यावर हलके ठोकले की पाय ओढून घेतो. तो खिळा त्याच दिवशी उपटा, भोकात टिंक्चर आयोडीन सोडा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना विचारा.

पत्री मारायला बैल पाडतात, तेव्हा तो सकाळी उपाशीपोटी, मऊ जमिनीवर पाडावा आणि अर्ध्या तासाच्या आत उठवावा. भरल्या पोटाने आडवा ठेवला तर पोट फुगते आणि पोटातले अन्न घशात येऊन फुप्फुसात जाऊ शकते. पत्री महिनाभरात पातळ होते. एका पायाची पडली तर दुसऱ्या पायांच्या तशाच ठेवून काम घेऊ नका, चाल वाकडी होते आणि संध्याकाळी ते खांद्यावर हाताला लागते.

पेरणी उरकल्यावर

शेवटच्या दिवशी खुराक एकदम तोडू नका. दोन आठवड्यांत, चढवला तसाच, पाव-पाव किलोने उतरवा. त्याच दिवशी टेप पुन्हा लावा. ४०० चा बैल ३८५ वर आला तर ठीक, महिन्याभरात भरून निघतो. ३७० वर गेला असेल तर खुराक न उतरवता आणखी तीन आठवडे तसाच चालू ठेवा आणि जंताचे औषध केव्हा दिले होते ते तपासा. जू धुऊन, सावलीत वाळवून, जमिनीपासून उंच, आडवे टांगा. भिंतीला टेकवून ठेवलेले जू पावसाळ्यात पीळ खाते. आणि पुढच्या हंगामाआधी ते पुन्हा मानेवर ठेवाल तेव्हा गेरू लावूनच ठेवा.